वाचताना कळतं, ऐकताना निसटतं: ‘गना’, ‘टेलिम’ आणि मंडळी

कानोसा

अमेरिकन गप्पांचं एक पॉडकास्ट ऐकतोय. त्यातलं एक वाक्य वीसेक वेळा मागेपुढे करून ऐकलं आणि कानावर पडलं तसंच्या तसं देवनागरीत उतरवलं:

वडय गन टेलिंग एनी ॲस फेवरिट

मग लेखी उतारा उघडला. तिथे होतं: ‘व्हॉट आर यू गोइंग टू टेल हिम व्हेन ही आस्क्स फॉर इट?’ बारा शब्द, आणि बाराच्या बारा पाचवीतल्या मुलाला येतील असे! शब्दसंग्रह कमी पडतोय म्हणावं तर तेही नाही.

आर, टू, हिम, ही हे शब्द गेले कुठे? बोलणारा ते खातो, की ते असतात आणि माझ्याच कानाला पकडता येत नाहीत? आणि यावर सराव नेमका कसा करायचा? ‘भरपूर ऐका’ हा सल्ला वर्षभर पाळून झालाय, तो कृपया नको.

अर्धविराम

सोपं आहे. इंग्रजी ठेक्यावर चालणारी भाषा आहे. आघाताचे शब्द सारख्या अंतराने येतात, घड्याळाच्या टिकटिकीसारखे. दोन टिकटिकींच्या मध्ये जेवढे शब्द असतील तेवढे कोंबायचे. मध्ये एक शब्द असो की पाच, वेळ तेवढाच. मराठीत प्रत्येक अक्षराला आपापला वेळ मिळतो म्हणून आपल्याला हे जड जातं.

उपाय: वेग अर्धा करून ऐका, सगळे शब्द सुटे होतील. आणि जिथे जिथे ‘गोइंग टू’ दिसेल तिथे ‘गॉना’ म्हणायची सवय लावा.

शमा_क

चांगला विषय. पण ऑफिसच्या ईमेलमध्ये ‘गॉना’ लिहिलेलं चालतं का? आमच्याकडे नवीन मुलं सर्रास लिहितात. अशुद्ध इंग्रजी आहे ना ते?

पावशेर

शमाताई, धागा कानाचा आहे, ईमेलचा नाही. :) तरी सांगतो. ईमेलमध्ये ‘गोइंग टू’च लिहावं. बोलताना मात्र ते अशुद्ध नाही. ‘कुठे चालला आहेस?’ असं तुम्ही घरात कोणाला कधी म्हणता का? ‘कुठं चाल्लायस?’ म्हणता. ‘मला माहीत नाही आहे’चं ‘माहीत नाहीये’ होतं, ‘सांगितलं आहे’चं ‘सांगितलंय’ होतं. पुस्तकावरून मराठी शिकलेला परदेशी माणूस ‘चाल्लायस’ हा शब्द कोशात शोधत बसेल. आपण सगळे इंग्रजीच्या बाबतीत तोच माणूस आहोत.

टिपकागद

पावशेर यांचं उदाहरण चपखल आहे. अर्धविराम यांच्या प्रतिसादातला अर्धा भाग बरोबर आहे. उरलेला अर्धा आधी बाजूला करतो, कारण त्यामुळे सराव चुकीच्या दिशेला जातो.

आघात सारख्या अंतराने पडतात, ही कल्पना केनेथ पाइक यांनी १९४५ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणातून पसरली. पुढे यंत्राने मोजमापं झाली तेव्हा ती अंतरं सारखी निघाली नाहीत. मध्ये जास्त अक्षरं आली की अंतर वाढतंच, फक्त अक्षरांच्या संख्येच्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून टिकटिकीची वाट पाहत ऐकू नका, फसाल. खरी गोष्ट एवढीच की बिनआघाताच्या अक्षरांमधला स्वर विरघळतो. आ, ऑ, ऊ, ॲ असे भरीव स्वर जाऊन तिथे आपला साधा ‘अ’ येतो, कधी तोही जेमतेम.

आणि इथेच मराठी माणसाची एक गंमत आहे. हा ‘अ’ आपल्याकडे जन्मापासून आहे. ‘कमळ’मधला ‘क’ म्हणताना तोंड जसं असतं, साधारण तसाच. म्हणजे हा आवाज अनोळखी म्हणून ऐकू येत नाही असं नाही. अडचण डोक्यात साठवलेल्या रूपाची आहे. देवनागरीत आपण फॉर, टू, ॲट, ऑफ, ॲन्ड, कॅन असं भरीव स्वरांनी लिहितो, तसंच शिकतो आणि ऐकताना तेच शोधतो. बोलण्यात मात्र बहुतेक वेळा फर, ट, अट, अव, अन, कन येतं. शोधतो फॉर आणि समोरून जातो फर, मग भेट कशी होणार?

असे शब्द चाळीसेकच आहेत आणि सगळे किरकोळ कामाचे: सर्वनामं, सहायक क्रियापदं, टू-फॉर-ऑफ-फ्रॉमसारखे शब्द, आणि ॲन्ड-बट-दॅन-ॲज. पण बोलण्यात सतत तेच येतात.

आता कानोसा यांचं वाक्य घेऊ. पाच तुकडे पाडतो.

‘व्हॉट आर यू’: आर विरघळून ‘अ’ झाला, यूचा ‘य’ झाला, आणि दोन स्वरांच्या मध्ये सापडल्यामुळे ‘ट’ अमेरिकन तोंडात ‘ड’सारखा मऊ झाला. झालं ‘वडय’. तुम्ही अचूक ऐकलंत.

‘गोइंग टू’: झालं ‘गना’. तुमच्या कानाने शेवटचा आ सोडला, बाकी बरोबर.

‘टेल हिम’: बिनआघाताच्या हिम, हिज, हर, ही यांचा ‘ह’ वाक्याच्या मध्ये गळतो. मग टेलचा ‘ल’ पुढच्या स्वराला चिकटतो आणि ‘टेलिम’ होतं. तुम्ही ‘टेलिंग’ ऐकलंत, कारण ‘टेलिम’ नावाचा शब्द डोक्यात नव्हता आणि जवळचा ओळखीचा शब्द तोच होता.

‘व्हेन ही’: पुन्हा ‘ह’ गेला, राहिलं ‘वेनी’. ते तुम्हाला ‘एनी’ वाटलं. हेच ‘ही’ वाक्याच्या सुरुवातीला आलं असतं तर ‘ह’ टिकला असता. ‘तिला नाही, त्याला’ अशा ठसक्याने ‘हिम’ म्हटलं असतं तरी टिकला असता.

‘आस्क्स फॉर इट’: स-क-स आणि लगेच फ. एवढी गर्दी घाईत कोणाच्याच जिभेला झेपत नाही, मधला ‘क’ बुडतो. फॉरचा फर, तो इटला जोडून ‘फरिट’. ‘ॲस फरिट’चं तुम्ही ‘फेवरिट’ केलंत.

सलग लिहिलं तर ‘वडय गना टेलिम वेनी ॲस फरिट’. ‘टेल’ आणि ‘ॲस’ या दोन ठिकाणीच खरा जोर आहे, ‘वड’वर थोडासा. तुमच्या कानाने आवाज बरेचसे बरोबर टिपले होते. चूक झाली ती शब्दांच्या सीमा आखताना.

अर्धविराम

अंतरांबद्दलची दुरुस्ती मान्य, शिकवणीत तसंच सांगितलं होतं. पण ‘गॉना’बद्दल काय चुकलं?

टिपकागद

‘गना’च्या पुढे क्रियापद लागतं. ‘मी आता करणार आहे’ या अर्थाचं गोइंग टू असेल तरच ते ‘गना’ होतं. ‘मी बाजारात चाललोय’ म्हणताना ‘आय अ‍ॅम गोइंग टू द मार्केट’मध्ये गोइंग हे खरोखरचं जाणं आहे. तिथे फार तर ‘गोइंग ट’ होईल, ‘आय्म गना द मार्केट’ कोणीही म्हणत नाही. ऐकणाऱ्याला याचा फायदाच आहे. ‘गना’ कानावर आलं की पुढचा शब्द क्रियापद, हे ऐकण्याआधीच पक्कं. ‘आय्म गना’ आणखी चेपून ‘आय्मना’ किंवा नुसतं ‘आमा’ही होतं, तिथेही हाच नियम.

आणि वेग अर्धा करण्याबद्दल. गाळलेला ‘ह’ वेग कमी केल्याने परत येत नाही, तो मुळात उच्चारलेलाच नाही. ‘फर’ लांबवला तर ‘फऽर’ होतो, ‘फॉर’ नाही. अर्ध्या वेगावर आवाज चिकट होतो आणि बोलण्याचा चढउतार सपाट वाटायला लागतो, मग आघात कुठे आहे हेही कळेनासं होतं. ०.७५च्या खाली जाऊ नये असं माझं मत. तेही एकदा तपासण्यापुरतं, नंतर लगेच मूळ वेगावर.

गिरमिट

मला वेगळाच प्रश्न पडलाय, चालेल ना? आमच्या कॉलवर समोरचा अमेरिकन माणूस ‘आय कॅन डू इट बाय फ्रायडे’ म्हणाला असं समजून मी पुढे कळवून टाकलं. तो म्हणाला होता ‘कॅन्ट’. आता मी ‘ट’ ऐकायचा जिवाचा आटापिटा करतो, तरी दोनदा परत गफलत झाली.

टिपकागद

‘ट’च्या मागे लागलात तिथेच गडबड आहे. अमेरिकन ‘कॅन्ट’चा ‘ट’ बहुतेक वेळा सुटतच नाही. आवाज घशात क्षणभर अडवतात आणि पुढे जातात. ऐकायचा तो स्वर.

होकारी वाक्यात: ‘आय कन डू इट’. कॅन चेपून ‘कन’, जवळजवळ ‘क्न’, आणि जोर डूवर.

नकारी वाक्यात: ‘आय कॅन् डू इट’. स्वर पूर्ण, भरीव ‘ॲ’, आणि जोर दोन्हीवर.

म्हणजे शाळेत इंग्रजी शिकलेल्या आपल्या कानाला जे स्पष्ट ‘कॅन’ वाटतं, तेच नेमकं ‘नाही’ असण्याची शक्यता जास्त. ब्रिटिश माणूस ‘कान्ट’ म्हणतो, तिथे आ मुळे घोटाळा कमी होतो.

दोन ठिकाणी हा नियम लागू नाही. ‘येस, आय कॅन’मध्ये कॅन शेवटी आहे, तिथे तो पूर्ण उच्चारतातच. आणि कोणी ‘तू करू शकत नाहीस’ म्हटल्यावर उलट उत्तर देताना ‘आय कॅन डू इट’ असं ठासून म्हणतात.

याची उलटी बाजूही ध्यानात घ्या. आपण ‘आय कॅन डू इट’ सगळे शब्द स्वच्छ म्हणतो, तेव्हा अमेरिकन कानाला ते ‘जमणार नाही’ असं ऐकू येऊ शकतं. कॉलवर शंका आली तर ‘कॅन ऑर कान्ट?’ असं विचारू नका, उत्तर पुन्हा तेच आणि तसंच येईल. ‘सो फ्रायडे इज ओके?’ असं विचारा, म्हणजे उत्तर येस किंवा नो मध्ये मिळेल.

गिरमिट

अरे देवा, म्हणजे आजवर किती जणांना मी ‘जमणार नाही’ सांगून बसलोय! फ्रायडे इज ओके लिहून ठेवलं.

रानवाट

टिपकागद, एक शंका. आर विरघळतो आणि डूसुद्धा विरघळतो. मग ‘व्हॉट आर यू’ आणि ‘व्हॉट डू यू’ दोन्ही ‘वडय’च होणार ना? ओळखायचं कसं?

टिपकागद

आवाजावरून पुष्कळदा ओळखता येत नाही, अमेरिकन माणसालाही नाही. पुढच्या शब्दावरून ठरतं. ‘वडय थिंक’ म्हणजे डू, ‘वडय थिंकिंग’ म्हणजे आर. ‘वडय गना’ म्हणजे आरच, कारण ‘डू यू गोइंग टू’ अशी रचना इंग्रजीत नाही. मूळचा माणूस ‘आर’ ऐकत नाही, तो मागाहून भरतो. व्याकरण वाया गेलं म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

‘ही-ड’चंही तेच. पुढे ‘गॉन’ आलं तर हॅड, ‘गो’ आलं तर वुड. पुढे ‘पुट’ किंवा ‘कट’ आलं की पंचाईत, कारण त्यांची तिन्ही रूपं सारखी. तिथे आजूबाजूच्या वाक्यांवर सोडायचं.

शमा_क

पण मग हे सगळं बोलायलाही शिकायला हवं का? मुलांना शिकवताना मी तर प्रत्येक शब्द स्पष्ट म्हणायला सांगते.

अर्धविराम

तोंडाने म्हटल्याशिवाय कानाला कळत नाही, हे माझं ठाम मत आहे. जे आपण बोलत नाही ते आपल्याला ऐकू येत नाही.

रानवाट

असहमत. ऐकून कळणाऱ्या पण स्वतः न बोललेल्या कितीतरी बोली असतात. ‘वॉना-गॉना’ करणारा आपला माणूस भलताच कृत्रिम वाटतो, त्यापेक्षा स्पष्ट बोललेलं बरं.

टिपकागद

दोन्ही बाजूंनी बोलता येईल. बिगर-इंग्रजी लोकांच्या आपसातल्या इंग्रजीवर जेनिफर जेनकिन्स यांनी २००० मध्ये जी मांडणी केली, तिच्यात चेपलेली रूपं बोलण्यासाठी आवश्यक धरलेली नाहीत. उलट ‘जाणीवपूर्वक जोर कुठल्या शब्दावर द्यायचा’ हे आवश्यक धरलं आहे. तेव्हा शमाताईंचं स्पष्ट बोलायला शिकवणं चूक नाही. फक्त सगळ्या शब्दांवर सारखा जोर नको. आणि मुलांना ऐकायला मात्र फर, ट, अव दिलेच पाहिजेत, नाहीतर ती कानोसा यांच्यासारखी धागा काढतील.

सरावापुरतं, एकट्याने, तोंडाने म्हणून बघायला माझी हरकत नाही. कॉलवर वापरायचं की नाही तो ज्याचा त्याचा प्रश्न.

आता कानोसा यांनी विचारलेला सराव. रोज १५-२० मिनिटं पुरतात.

तुकडा ५ ते ८ सेकंदांचा घ्या, जास्त नको. बातम्या नकोत, वाचून दाखवलेलं काहीच नको, कारण वाचताना लोक सांभाळून बोलतात. दोन माणसांच्या मोकळ्या गप्पा हव्यात, आणि माणसाने तयार केलेला लेखी उतारा हवा. व्हिडिओखालची अक्षरं जपून वापरा. ती वाचणाऱ्याच्या सोयीसाठी सावरलेली असतात, बोललेलं ‘गना’ तिथे ‘गोइंग टू’ होऊन येतं आणि एखादा शब्द गाळलेलाही असतो.

पहिल्या ऐकण्यात शब्द लिहायचेच नाहीत. फक्त जोर पडला की टेबलावर बोटाने टिचकी मारायची आणि टिचक्या मोजायच्या. कानोसांच्या वाक्यात दोन-तीन येतील. इंग्रजीतले अर्थाचे शब्द बहुतांशी जोरदार अक्षरानेच सुरू होतात, म्हणून टिचकी पडली तिथे नवा शब्द सुरू झाला असं धरून चालायचं. सीमा आखायला याहून चांगला आधार नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या ऐकण्यात जे ऐकू येईल ते देवनागरीत, अर्थाचा विचार न करता लिहा. इथे देवनागरी रोमनपेक्षा सरस, कारण ‘टेलिम’ लिहिताना स्पेलिंग आडवं येत नाही. मग रिकाम्या जागा व्याकरणाने भरा, आणि शेवटी उतारा उघडा.

चुका मोजू नका, त्यांची जात लिहा. शब्दच माहीत नव्हता, की सीमा चुकली, की चेपलेलं रूप ओळखलं नाही? आठवड्याभरात एकच जात पुन्हा पुन्हा दिसायला लागते आणि काम तिच्यावर करायचं. मग फसलेला एक-दीड सेकंदाचा तुकडा मूळ वेगावर दहा वेळा फिरवा. VLC मध्ये प्रगत नियंत्रणं दाखवा म्हटलं की A-B बटण येतं, त्याने दोन टोकं ठरवून तुकडा फिरत ठेवता येतो. `[` ने वेग थोडा कमी होतो, `]` ने वाढतो, `=` ने मूळावर येतो.

पावशेर

टिचक्यांचं आवडलं. पण शेजारच्या टेबलावर बसलेल्यांनी तबला शिकतोय समजू नये म्हणजे मिळवली.

कानोसा

तीन आठवडे झाले. चुकांच्या वहीत सीमा चुकल्याच्या नोंदी सगळ्यात जास्त आहेत, त्यातही ‘ह’ गळल्यामुळे झालेल्या. ‘टेलिम’ आता लगेच कळतं. ‘टेलम’ आलं की मात्र हिम की देम कळत नाही.

टिपकागद

‘देम’चं ‘अम’ होतं आणि घाईत ‘हिम’चंही जवळपास तेच होतं. माणसं एक आहेत की अनेक, हे आधीच्या वाक्यातूनच घ्यावं लागतं. तुमच्या कानाचा दोष नाही.

कानोसा

मग आणखी एक. हे मला ‘वी शुडन पुडिडॉफ’ असं ऐकू आलं. पुडिडॉफ म्हणजे पुट इट ऑफ, हे आलं ध्यानात. पण आधीचं शुड हॅव, की शुडन्ट हॅव?

अर्धविराम

शुड हॅव. ‘शुडव’चं ‘शुडा’ होतं, ‘न’ तुम्हाला भास झाला असेल.

रानवाट

‘न’ भास म्हणून येत नाही. शुडन्ट हॅव. ‘शुडन्अ’ असं होतं, ‘ट’ आणि ‘हॅव’ दोन्ही गेले आणि ‘न’नंतर एक बारीक ‘अ’ उरला.

टिपकागद

माझाही कल ‘न’कडेच. पण तुम्ही लिहिलंय ‘शुडन पुड’, त्यात ‘न’नंतर ‘अ’ दिसत नाही. मग ‘वी शुडन्ट पुट इट ऑफ’, म्हणजे ‘पुढे ढकलायला नको’, हा तिसरा पर्यायही उभा राहतो. ‘पुट’ची तिन्ही रूपं सारखी असल्यामुळे ‘ढकलायला नको होतं’ आणि ‘ढकलायला नको’ यांत फरक फक्त त्या बारीक ‘अ’चा आहे. ‘न’ आणि ‘प’ यांच्या मधला तुकडा पुन्हा फिरवून बघा, आणि पुढचं वाक्य काय आहे?

कानोसा

फिरवला. दहातून सहा वेळा ‘अ’ आहे असं वाटतं. पुढच्या वाक्याच्या वेळी दोघेही जोरात हसतायत, आणि उताऱ्यात तिथे कंसात नुसतं ‘हशा’ लिहिलंय.